दहा गुणांचं इतिहासाचं उत्तर: जुन्या आदर्श उत्तरांतून नेमकं काय उचलायचं?

प्रश्न: यूपीएससी मुख्य परीक्षा मराठी माध्यमातून देतोय. सामान्य अध्ययन पेपर १ मधल्या इतिहासाच्या १० गुणांच्या प्रश्नांसाठी मागच्या वर्षांची बरीच आदर्श उत्तरं जमवून वाचली. सगळ्यांत प्रस्तावना, मुद्दे, निष्कर्ष हेच दिसतं. मीही तसंच लिहितो, पण सराव परीक्षेत साडेतीनच्या वर गुण जात नाहीत. या उत्तरांतला साचा नेमका कुठे बघायचा?

उत्तर:

प्रस्तावना, मुद्दे, निष्कर्ष ही नुसती चौकट आहे. ती साडेतीनच्या उत्तरातही असते आणि साडेपाचच्या उत्तरातही, त्यामुळे दोहोंतला फरक तिथे सापडणार नाही. तो सापडतो दोन ठिकाणी. एक, प्रश्नातला सगळ्यात अडचणीचा शब्द उत्तराने कुठे आणि कसा पेलला आहे. आणि दोन, प्रत्येक परिच्छेदात कारण सांगितल्यावर ‘ते कसं घडलं’ हे सांगणारं वाक्य आहे की नाही. बारा-तेरा वर्षं सराव परीक्षांच्या वह्या तपासतोय. साडेतीनवर अडकलेल्या वहीत बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी नसतात, माहिती मात्र भरपूर असते.

आधी या आदर्श उत्तरांबद्दल थोडं. मुख्य परीक्षेची आदर्श उत्तरं आयोग प्रसिद्ध करत नाही. बाजारात मिळतात ती क्लासच्या शिक्षकांनी लिहिलेली असतात, नाहीतर यशस्वी उमेदवारांच्या सराव परीक्षेच्या वह्या असतात. शिक्षकाचं उत्तर पुस्तकं समोर ठेवून, वेळेचं बंधन न पाळता लिहिलेलं असतं. एकदा शब्द मोजून बघा. १५० शब्दांच्या प्रश्नाला अडीचशे शब्दांचं उत्तर सर्रास दिसेल. ते माहितीसाठी ठीक आहे, पण बांधणी शिकायला उपयोगाचं नाही. बांधणीसाठी वेळ लावून हाताने लिहिलेल्या वह्याच घ्या, आणि त्यातही तपासणाऱ्याचे शेरे आणि गुण दिसत असतील अशा. सात-आठ पुरतात. मात्र सगळ्या एकाच जातीच्या प्रश्नाच्या हव्यात, म्हणजे ‘कारणे द्या’ प्रकारच्या सगळ्या एकत्र, ‘परीक्षण करा’ प्रकारच्या वेगळ्या. मिसळलेल्या वाचल्या की सगळ्यांत समान उरते ती फक्त चौकट. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालंय.

आता पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेजारी समासात एक अक्षर लिहा. वाक्य काही ठामपणे म्हणत असेल तर ‘दा’, म्हणजे दावा. ते कसं घडलं हे सांगत असेल तर ‘क’. साल, जागा, आकडा, कायदा, घटना देत असेल तर ‘पु’, म्हणजे पुरावा. दाव्याला मर्यादा घालत असेल तर ‘म’. आणि यातलं काहीच करत नसेल तर शून्य. काम कंटाळवाणं आहे, एका उत्तराला पंधरा मिनिटं जातात, पण ही सात-आठ उत्तरं संपेपर्यंत तुम्हाला जे दिसेल ते नुसतं वाचून कधीच दिसत नाही. चांगल्या उत्तरात समासात दा-क-पु, दा-क-पु अशी लय उमटते, अधूनमधून एखादा ‘म’ येतो आणि शून्य जवळपास नसतं. मग स्वतःच्या वहीवर हीच अक्षरं लिहा. तिथे दा-दा-दा-पु-दा-दा दिसेल आणि सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांपुढे शून्य.

सगळ्यात जास्त गळतो तो ‘क’. कारण तो पाठांतरात येत नाही. नोट्समध्ये ‘शेतीचे व्यापारीकरण’ हे दोन शब्द असतात. व्यापारीकरणामुळे एका विशिष्ट वर्षी एका विशिष्ट शेतकऱ्याच्या घरात धान्य का उरलं नाही, हे नोट्समध्ये नसतं. ते आपणच जुळवायचं असतं.

प्रश्नातला अडचणीचा शब्द म्हणजे काय, ते आधी दोन छोट्या उदाहरणांनी सांगतो आणि मग एक प्रश्न पूर्ण सोडवून दाखवतो.

२०२२ च्या पेपरात असा प्रश्न होता: बहुतांशी भारतीय शिपायांच्याच असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजा, संख्येने मोठ्या आणि अधिक सुसज्ज असलेल्या भारतीय सत्ताधीशांच्या फौजांविरुद्ध सातत्याने का जिंकल्या? यावर मी तपासलेल्या कितीतरी वह्यांत पहिला मुद्दा होता ‘कंपनीकडे आधुनिक शस्त्रास्त्रे होती’. पण प्रश्नच म्हणतोय की भारतीय फौजा अधिक सुसज्ज होत्या! इथे अडचणीचा शब्द ‘सुसज्ज’ आहे. तो स्वीकारला की शस्त्रं हे कारण बाद होतं आणि उत्तर आपोआप वेतन, कवायत, बंगालच्या महसुलावर उभी असलेली तिजोरी आणि भारतीय सत्तांमधली फूट यांच्याकडे वळतं. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आपल्या जालना जिल्ह्यातली. शिंद्यांचा तोफखाना तिथे उत्तम होता, त्याने वेलस्लीच्या फौजेचं प्रचंड नुकसान केलं, तरी लढाई शिंदे-भोसल्यांनी गमावली. शिंद्यांच्या पदरी असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना युद्धाच्या तोंडावर कंपनीने आमिष दाखवून फोडलं होतं. हा एक दाखला प्रश्नातल्या ‘सुसज्ज’ या शब्दाला थेट भिडतो. प्लासीचा दाखला तितका भिडत नाही, पण तोच सगळ्यांना आधी आठवतो.

दुसरं उदाहरण २०१७ चं: १९व्या शतकाच्या अखेरीपर्यंत मवाळांना आपली विचारसरणी आणि राजकीय उद्दिष्टं देशाला का पटवून देता आली नाहीत? इथे अडचण काळाची आहे. वंगभंग १९०५ चा, सुरतेची फूट १९०७ ची. दोन्ही १९व्या शतकाबाहेर, आणि दोन्ही बहुतेक वह्यांत ठाण मांडून बसलेल्या. १८९२ च्या कौन्सिल कायद्यातून पदरात पडलेलं थोडकं, सनदी सेवेची परीक्षा भारतातही एकाच वेळी घ्यावी असा कॉमन्स सभेने १८९३ मध्ये केलेला आणि पुढे अमलात न आलेला ठराव, १८९७ मध्ये टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, हे दाखले शतकाच्या आत बसतात. यातला १८९३ चा ठराव तर एकटाच अर्धं उत्तर आहे. मवाळांची पद्धत यशस्वी झाली, पार्लमेंटने ऐकलंसुद्धा, आणि तरी हाती काही आलं नाही, हे तो एका वाक्यात दाखवतो.

आता पूर्ण सोडवायला २०२२ चाच दुसरा १० गुणांचा प्रश्न घेऊ. मराठीत त्याचा आशय असा: १८व्या शतकाच्या मध्यापासून वसाहतकालीन भारतात दुष्काळांमध्ये एकाएकी वाढ का झाली? कारणे द्या.

माझ्याकडे आलेल्या वह्यांमधलं ठरावीक उत्तर साधारण असं असतं:

“दुष्काळ म्हणजे अन्नधान्याची तीव्र टंचाई होय. भारत हा कृषिप्रधान देश असून येथील शेती मान्सूनच्या पावसावर अवलंबून आहे. ब्रिटिश काळात भारतात अनेक दुष्काळ पडले. त्याची कारणे पुढीलप्रमाणे: जमीन महसूल पद्धती, शेतीचे व्यापारीकरण, हस्तोद्योगांचा ऱ्हास, संपत्तीचे निःसारण, रेल्वेचा विकास, सरकारची उदासीनता. अशा प्रकारे ब्रिटिशांच्या शोषक धोरणांमुळे भारतात दुष्काळ पडले.”

यात चूक म्हणावं असं एकही कारण नाही. सहाच्या सहा कारणं पुस्तकांत आहेत. पण समासात अक्षरं लिहा: पहिली तीन वाक्यं शून्य, मग सहा वेळा ‘दा’, शेवटी पुन्हा तोच दावा. ‘क’ नाही, ‘पु’ नाही. आणि ‘एकाएकी’ व ‘१८व्या शतकाच्या मध्यापासून’ यांना कुणी हातच लावलेला नाही. हेच उत्तर ‘ब्रिटिशांचा भारतीय अर्थव्यवस्थेवरील परिणाम’ या प्रश्नाखाली चिकटवलं तरी चालून जाईल. जे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चालतं, त्याला या प्रश्नाखाली चांगले गुण मिळत नाहीत.

मराठी माध्यमाच्या मुलांना या प्रश्नात एक जास्तीचा खड्डा आहे. आपण पाऊस न पडण्यालाही दुष्काळ म्हणतो आणि माणसं उपाशी मरण्यालाही दुष्काळच म्हणतो. गावात ‘यंदा दुष्काळ आहे’ म्हणजे विहिरी आटल्या. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत छापलेली असते, आणि ती विचारते उपासमारीच्या दुष्काळाबद्दल. आपण मनात भाषांतर करतो आणि नकळत पावसावर जातो. ‘मान्सूनवर अवलंबून’ हे वाक्य तिथूनच येतं. म्हणून पहिल्या ओळीतच दोन शब्द वेगळे करायचे, अवर्षण आणि उपासमार. हे केलं की प्रश्नातली अडचणही सुटते. पाऊस आधीही जात होता. दख्खनमध्ये १३९६ पासून पुढे काही वर्षं चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या स्मरणात राहिला, १६३०-३२ चा तर तुकोबांच्या चरित्रातून आपल्याला ठाऊक आहे. मग १७५० नंतर काय बदललं? आभाळ बदललं नाही. कोरडं वर्ष निभावून नेण्याची शेतकऱ्याची ताकद गेली. पेवातलं धान्य, दुष्काळी वर्षी साऱ्यात मिळणारी सूट, सरकारी तगाई, विणकामासारखा जोडधंदा हे आधार एकेक करत ढासळले. सगळ्या उत्तराचा कणा हा एवढाच.

हा कणा सापडायला मला मिनिट-दीड मिनिट लागतं, आणि तेवढा वेळ मी मुद्दाम काढून ठेवतो. अडीचशे गुणांना वीस प्रश्न आणि तीन तास, म्हणजे १० गुणांच्या उत्तराला साधारण सात मिनिटं मिळतात. त्यातलं दीड मिनिट विचारात गेलं तर साडेपाच मिनिटं लिहायला उरतात. पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या जागेत मी मुलांना तीनच गोष्टी खरडायला सांगतो: अडचणीचा शब्द, एका वाक्यातला कणा, आणि प्रत्येक परिच्छेदाचा एकेक पुरावा. मथळे खरडू नका. मथळे आधी सुचले की पुरावे त्यांच्या मागे फरफटत येतात.

त्या दीड मिनिटात माझ्या कागदावर एवढंच असतं: “एकाएकी? अवर्षण नव्हे, आधार गेले. १७६५/१७७१ वसुली. कापूस, सुपे १८७५. १८७६ निर्यात. १८८० आयोग.” आणि त्यावरून उत्तर असं उभं राहतं:

“अवर्षण भारताला नवे नव्हते, १६३०-३२ मध्येही दख्खन उद्ध्वस्त झाले होते. कंपनीच्या सत्तेत वाढली ती अवर्षणाचे उपासमारीत रूपांतर होण्याची शक्यता, कारण कोरडे वर्ष निभावण्याचे आधार एकेक करून नष्ट झाले.

सुरुवात महसुलापासून झाली. १७६५ मध्ये दिवाणी मिळताच कंपनीने वसुलीला प्राधान्य दिले. १७६९-७० च्या दुष्काळात बंगालची सुमारे एक तृतीयांश प्रजा मेली असा तत्कालीन अंदाज आहे. तरीही १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षा अधिक होती. पीक बुडूनही सारा भरावा लागल्याने साठ्यातले धान्य, बैल व बियाणे विकले गेले आणि पुढचा हंगामही हातचा गेला.

पुढे बाजार व कर्जाने हा धोका देशभर नेला. दख्खनमध्ये १८६५ नंतर कापसाची तेजी ओसरली, फेरआकारणीत सारा मात्र वाढला. सावकाराच्या पाशातील शेतकऱ्यांचा रोष १८७५ मध्ये सुपे येथे उफाळला. पुढच्याच वर्षी पाऊस गेला, तेव्हा त्यांच्याकडे धान्यही नव्हते आणि पतही. हस्तोद्योग बुडाल्याने कारागीरही मजुरीवर आले होते.

१८७६-७८ मध्ये मुक्त व्यापाराच्या आग्रहामुळे सरकारने धान्याची निर्यात थांबवली नाही. रेल्वेने दुष्काळी भागात धान्य आणले, तसेच चढ्या भावाच्या बाजारपेठांकडे नेलेही.

१८८० च्या दुष्काळ आयोगाने रोजगार व क्रयशक्ती बुडणे हे मूळ दुखणे ओळखले आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहिता आली. परंतु सारा व व्यापाराची चौकट तशीच राहिल्याने १८९६-१९०० मध्ये उपासमार परतली.”

शब्द दीडशेच्या थोडे वर गेलेत, तेवढं चालतं. आता या उत्तराच्या आत काय काय घडतंय ते बघा.

पहिल्या परिच्छेदात दोनच वाक्यं आहेत. पहिलं ‘म’, म्हणजे आधीही दुष्काळ होते अशी मर्यादा, आणि दुसरं संपूर्ण उत्तर. व्याख्या नाही, पार्श्वभूमी नाही. तपासणारा तिथेच थांबला तरी त्याला उत्तर कळलेलं असतं. चांगल्या वह्यांत हे हमखास दिसतं: प्रस्तावनेतलं एक वाक्य प्रश्नाची सरळ पावती देतं.

दुसऱ्या परिच्छेदातला पुरावा मी फार विचार करून घेतलाय. बंगालच्या दुष्काळात किती माणसं मेली, हा आकडा सगळेच लिहितात. पण मेलेल्यांचा आकडा दुष्काळ मोठा होता एवढंच सिद्ध करतो, तो का पडला याबद्दल गप्प असतो. १७७१ ची वसुली १७६८ पेक्षा जास्त होती, ही गोष्ट वॉरन हेस्टिंग्जने स्वतः संचालकांना कळवली होती. तो पुरावा कारणाचा आहे. इतक्या लोकांचा बळी गेल्यावरही तिजोरीत जास्त रक्कम कशी येते, हे कळलं की महसूल पद्धतीबद्दल आणखी विशेषणं लावावी लागत नाहीत. जुनी उत्तरं वाचताना प्रत्येक ‘पु’ला हा प्रश्न विचारत जा: हा पुरावा घटना मोठी होती हे सांगतो, की ती का घडली हे सांगतो? १० गुणांत दुसऱ्या प्रकारचे तीन पुरावे बसले तर खूप झालं.

त्याच परिच्छेदाचं शेवटचं वाक्य ‘क’ आहे. धान्य, बैल, बियाणं विकलं गेलं आणि पुढचा हंगाम गेला. सारा या कारणापासून उपासमार या परिणामापर्यंतचा रस्ता या एका वाक्यात चालून होतो. हे वाक्य कुठल्याही नोट्समध्ये तयार मिळणार नाही, पण शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ते सुचायला वेळ लागत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी बैल विकताना बघितलेले असतात, आणि उत्तरात मात्र ‘शोषणकारी महसूल व्यवस्था’ असं लिहितात.

तिसरा परिच्छेद मी मुद्दाम दख्खनचा घेतला. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ कापसाला अफाट भाव आला, युद्ध संपताच तो कोसळला, आणि त्याच दशकात तीस वर्षांच्या मुदती संपून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले गेले. आणि १८७६ मध्ये पाऊस गेला. दंगा आणि दुष्काळ हे पाठ्यपुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत असतात, त्यामुळे मुलं ते कधी शेजारी ठेवत नाहीत. शेजारी ठेवले की व्यापारीकरण, कर्ज आणि उपासमार यांची साखळी एकाच भागात, लागोपाठच्या दोन वर्षांत दिसते. एकाच प्रदेशातले दोन दाखले जोडणं ही गोष्ट चांगल्या वह्यांत मला पुन्हा पुन्हा दिसली आहे. चार प्रांतांतले चार सुटे दाखले त्यापुढे फिके पडतात.

रेल्वेचं वाक्य बारकाईने वाचा. ‘रेल्वेमुळे दुष्काळ वाढले’ असं सरसकट लिहिणं धोक्याचं आहे, कारण रेल्वेने दुष्काळी भागात धान्य पोचवलंही होतं. दोन्ही बाजू एकाच वाक्यात आल्या की तो ‘म’ होतो, आणि त्यासाठी वेगळा परिच्छेद खर्ची पडत नाही.

शेवटच्या परिच्छेदात ‘अशा प्रकारे’ नाही. तिथे एक नवी गोष्ट आहे: सरकारच्याच आयोगाने मूळ दुखणं ओळखलं होतं. यामुळे आपल्या पहिल्या परिच्छेदातल्या दाव्याला सरकारी कागदाचा आधार मिळतो. जास्त गुण मिळालेल्या वह्यांत शेवट असाच असतो, प्रश्नाच्या काळातच राहून एक पाऊल पुढे टाकणारा. इतिहासाच्या ‘कारणे द्या’ प्रश्नाखाली आजची अन्नसुरक्षा किंवा सध्याच्या योजना आणून ठेवू नका. ती सवय इतर पेपरांमधून इकडे येते.

आणि काय गाळलं? १९४३ चा बंगाल गाळला. तो फार मोठा होता, पण प्रश्न वाढ कधी आणि का सुरू झाली हे विचारतो, आणि १९४३ ला युद्धकाळातली वेगळी कारणंही आहेत. दीडशे शब्दांत ती उलगडत नाहीत. दादाभाईंचा निःसारण सिद्धांतही गाळला. तो खरा आहे, पण निःसारणापासून एका गावातल्या उपासमारीपर्यंतचा ‘क’ दोन ओळींत बसत नाही. ज्या कारणाचा ‘क’ बसत नाही ते कारण १० गुणांत सोडून द्यायचं, १५ गुणांचा प्रश्न असता तर घेतलं असतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६-७७ मध्ये दुष्काळी तालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारशी केलेला पत्रव्यवहार हा माझ्या आवडीचा विषय आहे, तोही इथे घेतला नाही. तो प्रतिसादात येतो, कारणांत नाही.

मजकुराच्या क्रमाबद्दल एक सांगायला हवं. कमी गुणांच्या वह्यांत राजकीय, आर्थिक, सामाजिक अशी कप्पेबंद मांडणी असते. चांगल्या वह्यांत एका परिच्छेदातून दुसऱ्यात जायला कारण असतं. वरच्या उत्तरात महसुलाने साठा संपवला, बाजाराने पत संपवली, आणि मग सरकारने उरलासुरला मार्गही उघडला नाही. क्रम उलटा केला तर उत्तर मोडेल. तुमच्या उत्तरातले परिच्छेद वर-खाली करून काहीच बिघडत नसेल, तर ती यादी आहे.

प्रश्नाचं क्रियापद बदललं की दा-क-पु तेच राहतं, फक्त ‘म’ ची जागा बदलते. ‘कारणे द्या’ मध्ये ‘म’ एखाद्या वाक्याचा. ‘टीकात्मक परीक्षण करा’ मध्ये तो निदान एक पूर्ण परिच्छेद मागतो, आणि शेवटी तुमचा कौल मागतो. ‘प्रकाश टाका’ मध्ये तो जवळपास नसला तरी चालतो. हे माझं म्हणणं म्हणून धरू नका, वेगवेगळ्या क्रियापदांच्या वह्या वेगळ्या काढून ‘म’ मोजा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी शब्दसंख्येचा हिशोब थोडा वेगळा आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘शेतकऱ्यांच्याकडे’ हा एकच शब्द. त्यामुळे इंग्रजीत दीडशे शब्दांत जेवढं मावतं त्याहून मराठीत थोडं जास्त मावतं. पण शब्द लांब असल्याने लिहायला वेळ मात्र तेवढाच लागतो. म्हणून इंग्रजी आदर्श उत्तराचं शब्दशः भाषांतर करून त्यावर सराव करू नका. त्यात ‘च्या द्वारे’, ‘च्या संदर्भात’, ‘करण्यात आले’ असे शब्द येऊन बसतात आणि दोन ओळी खातात. ‘सरकारद्वारे निर्यात थांबवण्यात आली नाही’ याऐवजी ‘सरकारने निर्यात थांबवली नाही’. अख्ख्या उत्तरात असे वीसेक शब्द वाचतात, म्हणजे एक पूर्ण ‘क’ बसतो.

सरावाची पद्धत सांगतो. एक तपासलेली चांगली वही घ्या, अक्षरं लिहा, आणि ती बंद करून ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त अक्षरांची रांग समोर ठेवून, म्हणजे ‘म-दा, दा-पु-पु-क, दा-पु-क’ अशी, त्याच जातीच्या पण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर सात मिनिटांत लिहा. विषय वेगळा असल्याने त्यातली वाक्यं उचलता येत नाहीत, बांधणीच उचलावी लागते. मग ते उत्तर अशा मित्राला द्या ज्याने प्रश्न पाहिलेला नाही, आणि त्याला प्रश्न ओळखायला सांगा. ‘ब्रिटिश काळातले दुष्काळ’ असं तो म्हणाला तर विषय पोचला, प्रश्न पोचला नाही. ‘दुष्काळ तेव्हापासूनच का वाढले’ असं म्हणाला तर अडचणीचा शब्द पेलला गेलाय.

पहिल्या आठ-दहा प्रयत्नांत वेळ पुरणार नाही, नऊ-दहा मिनिटं लागतील. तेव्हा पुरावे कमी करा, ‘क’ला हात लावू नका. तुमच्या आताच्या तीन-चार वह्यांमधलं एखादं उत्तर अक्षरं लिहून, शेऱ्यांसकट इथे टाकलंत तर कुठला ‘क’ गळतोय ते नेमकं दाखवता येईल.